सुरकुत्या पडायची वाट

२ डिसेंबर २०२४, सोमवार. संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका वळणावर माझी स्कूटर वाळूवर घसरली. कुणी धडकलं नाही, कुणाची चूक नव्हती. मी डाव्या बाजूला पडले आणि स्कूटर माझ्या गुडघ्यावर आली. उठायला गेले तर गुडघ्याखालचा पाय माझ्याबरोबर आला नाही, तो बाजूला वळून तसाच पडून राहिला. दोन अनोळखी मुलांनी मला रिक्षात घातलं. त्यातल्या एकाने माझीच ओढणी आणि रिक्षावाल्याकडचा पुठ्ठा घेऊन पाय सरळ बांधला. डॉक्टरांनी नंतर त्या पुठ्ठ्याचं कौतुक केलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

पुढचे वीस दिवस मी एका खासगी हॉस्पिटलच्या कॉटवर काढले. चौथ्या दिवशी बहिणीने मला चौकटीची वही आणून दिली. मी शाळेत गणित शिकवते, चौकटी दिसल्या की हात आपोआप आकडे मांडायला लागतो. हे सगळं त्या वहीवरूनच लिहिते आहे.

एक्स-रेत नडगीच्या हाडाचा वरचा भाग, म्हणजे ज्या सपाट माथ्यावर गुडघा टेकतो तो, दोन्ही बाजूंनी फुटलेला दिसला. टिबिअल प्लॅटो फ्रॅक्चर. मला वाटलं रात्रीच ऑपरेशन होईल आणि चार दिवसांत घरी. पण त्या रात्री डॉक्टरांना हाडापेक्षा पोटरीची काळजी जास्त होती. पोटरीच्या स्नायूंभोवतीचं आवरण फारसं ताणलं जात नाही. आत सूज वाढत गेली तर दाबाने स्नायूंचा रक्तपुरवठाच तुटतो, आणि मग तातडीने ते आवरण कापून मोकळं करावं लागतं. म्हणून सिस्टर दर तासाला येऊन माझा अंगठा वर ओढून बघायच्या. "असं ओढल्यावर पोटरीत जीव जाईल असं दुखतं का? मुंग्या येतात का?" दुखत होतंच, पण इंजेक्शननंतर उतरत होतं. न उतरणारं, वाढत जाणारं दुखणं हे धोक्याचं, असं त्यांनी समजावलं. ते ऐकल्यावर मी रात्रभर दुखण्याकडे कान लावून बसले. पहाटे चारला ते कमी झालंय हे पक्कं कळलं, तेव्हा रडू आलं.

त्याच रात्री एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद झाली. अपघात म्हटला की हॉस्पिटल ती करतंच. दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. कुणाविरुद्ध तक्रार नाही, असं मी लिहून दिलं. या कागदाची प्रत नवऱ्याने लगेच मागून घेतली हे बरं झालं, कारण विमा कंपनीला ती लागली. त्यांना आणखी एक गोष्ट हवी होती. पेशंट दारूच्या अमलाखाली नव्हता, असं डॉक्टरांचं लेखी. शाळा सुटल्यावर भाजी घेऊन घरी निघालेल्या बाईबद्दल हे लिहून द्यावं लागलं, याची सासूबाईंना फार गंमत वाटली.

मंगळवारी पहिलं ऑपरेशन झालं, पण ते हाड जोडायचं नव्हतं. मांडीच्या हाडात दोन आणि नडगीत दोन जाड पिना, आणि त्यांना बाहेरून जोडणारी सळई. फिक्सेटर. गुडघा मधे ताणून स्थिर ठेवायचा, एवढंच त्याचं काम. बुधवारी सीटी स्कॅन झाला. ऑपरेशन करणारे सर राउंडला आले, त्यांनी माझी नडगी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. चिमटीत काही आलंच नाही. कातडी वांग्यासारखी जांभळी, ताणलेली, तुकतुकीत.

"मॅडम, या कातडीवर आज चाकू लावला तर टाके धरणार नाहीत. जखम उघडी पडेल, आत प्लेट, मग इन्फेक्शन. कातडीवर सुरकुत्या पडल्या की मी ऑपरेशन करीन."

"किती दिवस?"

"दहा, चौदा, कधी जास्तही. ते तुमचा पाय सांगेल."

आयुष्यभर सुरकुत्या पडू नयेत म्हणून क्रीम लावणारी मी, त्या दिवसापासून सुरकुत्यांची वाट बघायला लागले.

गुरुवारी पायावर फोड आले, भाजल्यासारखे. काहींत पाणी, दोनांत रक्त. मी घाबरले. ड्रेसिंगच्या ब्रदरनी सांगितलं की सूज खूप असली की हे होतं. पाण्याचे फोड लवकर सुकतात, रक्ताचे खोलवर असतात, त्यांना वेळ लागतो, आणि सर तिथून चीर घेणार नाहीत. रोज सलाइनने पिनांची भोकं पुसायची, फोडांवर सैल ड्रेसिंग, पाय चार उशांवर छातीपेक्षा उंच. दिवसभराचा कार्यक्रम संपला.

कंटाळ्याबद्दल लोक लिहितात तेव्हा वाटायचं, मोबाइल असताना कसला कंटाळा? पण पाठीवर पडून मोबाइल हातात धरला की दहा मिनिटांत दंड भरून येतात, आणि दुखण्याच्या गोळ्यांनी डोळ्यांपुढची ओळ हलते. पहिल्या आठवड्यात मी एकही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला नाही. छताचे चौकोन मोजले, नऊ गुणिले सात. त्यातल्या दोनांवर ओलीचे डाग. खिडकीतून उड्डाणपुलाचा एक तुकडा दिसायचा आणि त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचा फक्त वरचा भाग. ताडपत्री असेल तर कांदा, क्रेट असतील तर टोमॅटो, असं मीच ठरवून टाकलं होतं. साडेपाचला थर्मामीटर, सहाला फिनाइल, सातला चहा, दहाला राउंड. राउंड दहा वीसपर्यंत आला नाही की मी अस्वस्थ व्हायचे. बाकी दिवसात वाट बघण्यासारखं काहीच नव्हतं.

शेजारच्या कॉटवर निफाडकडच्या एक आजी होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, अंगणात पडून खुबा मोडलेल्या. माझ्यानंतर दोन दिवसांनी आल्या. शुक्रवारी त्यांचं ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला, आणि शनिवारी फिजिओथेरपिस्टने त्यांना वॉकर धरून उभंसुद्धा केलं. त्या दारापर्यंत चालत गेल्या, वळून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं बाई, तुहा पाय अजून टांगलेलाच?" मला त्यांचा इतका हेवा वाटला की मी पलीकडे तोंड करायला गेले, आणि तेही जमेना. बदललेल्या सांध्यावर लगेच भार देता येतो, माझ्यासारख्या फुटलेल्या माथ्यावर देता येत नाही, हे मला तेव्हा माहीत होतं. हेवा त्याने कमी झाला नाही.

आता बेडपॅनबद्दल. यावर कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

कॅथेटर असेपर्यंत अर्धा प्रश्न सुटलेला होता. उरलेला अर्धा मी चार दिवस टाळला. जेवणच कमी केलं, आणि गोळ्यांनी पोट तसंही बांधलं गेलं होतं. पाचव्या दिवशी पोट दगडासारखं. रात्रीच्या मावशींनी ओळखलं. "ताई, तुम्ही लाजलात तर पोट पण लाजतं. मग एनिमा घ्यावा लागतो, त्यात तर लाजायलाही उरत नाही." त्यांनी जे शिकवलं ते असं. भांडं चपट्या कडेचं मागायचं, त्यासाठी कंबर कमी उचलावी लागते. डिसेंबरात नाशिकला स्टीलचं भांडं बर्फ असतं, आधी गरम पाण्याने विसळून पुसायचं. कडेला थोडी टाल्कम पावडर, म्हणजे कातडी चिकटत नाही. डोक्यावरच्या त्रिकोणी दांड्याला धरून, चांगला पाय दुमडून टाच रोवायची आणि कंबर वर, त्याच क्षणी भांडं बाजूने सरकवायचं. पाठ शक्य तितकी उंच करायची, सपाट झोपून कुणालाच होत नाही. रात्री लॅक्टुलोजचं सिरप, आणि पाणी कमी प्यायचं नाही.

आवाजाची लाज वाटायची म्हणून नवरा पडद्याबाहेर उभा राहून मोबाइलवर मोठ्याने बातम्या लावायचा. आजी ओरडायच्या, "बंद कर रे ते, म्हातारं मानूस झोपलंय."

रविवारी पहाटे तीनला मला घाई झाली, बेल वाजवली, मावशी दुसऱ्या मजल्यावर गेलेल्या. नवरा उठला, भांडं गरम पाण्याने विसळलं, पावडर टाकली. तो सगळं बघत होता हे मला तेव्हा कळलं. त्याने स्वच्छ केलं, हात धुतले आणि परत बाकड्यावर आडवा झाला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. वहीत त्या दिवशी फक्त 'पहाटे ३, झालं' एवढंच आहे.

एक चूक मात्र झाली. रोज दहा-बारा वेळा चांगल्या पायाची टाच रोवून कंबर उचलल्यामुळे उजवी टाच लाल झाली. सगळ्यांचं लक्ष डाव्या पायावर, उजव्याकडे कुणी बघितलंच नाही. आठव्या दिवशी बहिणीने मोजा काढला तेव्हा दिसलं. बोटाने दाबलं तरी लाली पांढरी होत नव्हती, म्हणजे बेडसोरची सुरुवात. त्यानंतर उजव्या पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवली आणि उचलताना पूर्ण तळवा टेकवायला शिकले. चार दिवसांत लाली गेली. घरचं कुणी असं पडून असेल तर मोडक्या पायाइतकंच चांगल्या पायाकडे आणि माकडहाडाकडे रोज बघा.

वहीत मी रोज सकाळी पोटरीचा घेर लिहायचे. बहिणीने शिवणाची टेप आणली होती, पेनाने खूण केलेल्या एकाच जागी मोजायचं. ६ तारखेला ४२ सेंटिमीटर, ८ ला ४१.५, १० ला पुन्हा ४२. त्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही. सरांना वही दाखवली तर ते हसले नाहीत हे त्यांचं मोठेपण, पण म्हणाले, "टेप ठीक आहे, मी मात्र कातडीचंच ऐकणार." १२ ला ४०. १४ तारखेला, शनिवारी, ब्रदरनी ड्रेसिंग उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, मान वर करा." नडगीच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याकडून वर येताना, केसासारख्या बारीक आडव्या रेषा पडल्या होत्या. धुतलेल्या रुमालाला असतात तशा. चिमटीत कातडी आली. पाण्याचे फोड सुकून त्यांवर नवी गुलाबी कातडी धरली होती. ऑपरेशन सोमवारी, १६ ला ठरलं. पोटात रोज दिलं जाणारं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनचं इंजेक्शन आदल्या रात्रीचं थांबवलं, कारण कमरेतून भूल देताना ते चालत नाही.

मधल्या काळात विम्याचं वेगळंच नाट्य चालू होतं. सुरुवातीला आम्हाला सिंगल रूम दिली होती, दिवसाला ६,५०० रुपये. आमची पॉलिसी पाच लाखांची, रूमभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे ५,०००. नवऱ्याला वाटलं वरचे दीड हजार आपण भरू. डेस्कवरच्या मुलीने सांगितलं तसं ते नसतं. मर्यादेबाहेरची खोली घेतली तर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच त्या प्रमाणात कापलं जातं. ५,००० भागिले ६,५००, म्हणजे सुमारे तेवीस टक्के गेले. औषधं आणि इम्प्लांट त्यातून सुटतात, पण तरी. दुसऱ्याच दिवशी आम्ही ३,२०० च्या दोन कॉटच्या खोलीत आलो, म्हणूनच मला आजी मिळाल्या.

दुसऱ्या ऑपरेशनच्या वाढीव मंजुरीला कंपनीने प्रश्न काढला, की मधले दिवस पेशंटला घरी का सोडलं नाही? हा प्रश्न मीही रोज विचारत होते. उत्तर असं होतं की फोड, पिना आणि रोजचं ड्रेसिंग, आणि आमचं घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेवटचं कारण कंपनीला चालत नाही. पण बहिणीने रोज ड्रेसिंगच्या वेळी पायाचे फोटो काढले होते, मोबाइलमध्ये तारखेसकट. सरांच्या पत्राला ते जोडले आणि दोन दिवसांत मंजुरी आली.

दुसरं ऑपरेशन तीन तासांच्या वर चाललं. दोन बाजूंनी दोन चिरा, दोन प्लेटा, दबलेला माथा उचलून खाली भरायला कंबरेच्या हाडाचा चुरा. त्याबद्दल मला विशेष काही सांगता येणार नाही, कारण मी मुख्यतः थरथरत होते आणि कुणीतरी ब्लँकेट घालत होतं. फिक्सेटर निघाला हे मात्र शुद्धीवर येताच हाताने चाचपून बघितलं.

१८ ला कॅथेटर निघाला आणि फिजिओथेरपिस्ट आली. तिने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाली, "ही खाली दाबा." मी दाबली. काहीच झालं नाही. मांडीला हुकूम जात होता, मांडी ऐकत नव्हती. मी दात-ओठ खाऊन, श्वास रोखून प्रयत्न केला, आणि उजवी मांडी घट्ट झाली! ती म्हणाली हे सगळ्यांचं होतं, दुखऱ्या गुडघ्यावरचा स्नायू स्वतःला बंद करून घेतो. आधी चांगल्या मांडीने करा, मग दोन्हींनी एकदम. संध्याकाळी अकराव्या प्रयत्नाला गुडघ्याची वाटी मांडीच्या बाजूला जेमतेम दोऱ्याएवढी सरकली. बहिणीला दिसली नाही. मला दिसली.

मग मशीन. पाय त्यात बांधायचा आणि ते सावकाश गुडघा वाकवतं, सरळ करतं. तिने कोन मोजायचं साधन काढलं. लांब दांड्यांचा कोनमापकच तो. मुलांना मी वर्षानुवर्षं 'शिरोबिंदूवर नीट ठेवा रे' म्हणत आले, आणि आता शिरोबिंदू माझा गुडघा होता. १८ ला ३० अंश, १९ ला ४५, २० ला ४०. कमी झालं म्हणून मी तिच्याशी भांडले, तुम्ही नीट धरलं नाही म्हणून. तिने शांतपणे पुन्हा मोजलं. ४०. आदल्या दिवशी मी जास्त वेळ पाय खाली सोडून बसले होते, सूज आली होती. २१ ला ५५, घरी जाताना ६५. खुर्चीवरून नीट उठायला नव्वदच्या वर लागतात.

उभी राहिले ती १९ ला. कॉटच्या कडेला पाय सोडून बसल्यावर डावा पाय रक्त उतरून जांभळा झाला आणि इतका ठणकला की मला वाटलं टाके फुटले. तसं होतं, दोन-तीन मिनिटं थांबायचं. मग वॉकर धरून एका पायावर. सतरा दिवसांनी खोली उभ्याने पाहिली. डोळ्यांपुढे अंधारी आली, पुन्हा बसवलं. दुसऱ्यांदा बारा सेकंद. डावा पाय बारा आठवडे टेकवायचा नाही, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत.

२२ ला, रविवारी, डिस्चार्ज. सकाळी दहाला फाइल गेली, अंतिम मंजुरी यायला संध्याकाळचे पाच वाजले. बिल ३,४८,६०० झालं होतं, आमच्या वाट्याला ३६,७०० आले. बहुतेक ग्लोव्ह्ज, ड्रेसिंगचं सामान, बेल्ट असल्या न मोजल्या जाणाऱ्या गोष्टींचे. निघण्याआधी डिस्चार्ज कार्डावर पाय डावाच लिहिलाय ना, एमएलसी नंबर आहे ना, आणि प्लेटांचे स्टिकर चिकटवलेत ना, हे तिथेच तपासलं. पायाच्या जागी उजवा लिहिलेला होता. दुरुस्त करून सही-शिक्का घ्यायला आणखी पाऊण तास. घरी इमारतीतल्या चार जणांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिना चढवला, नवरा पाय धरून उलटा चढत होता.

३० डिसेंबरला टाके काढले, सदतीस. गुडघा ७४ अंश. आजींच्या नातवाने फोन लावून दिला होता, त्या आता नळावर जातात म्हणे. पोटरी ३५ सेंटिमीटर, उजवीपेक्षाही बारीक झाली आहे. सूज उतरलेल्या पायावरची जुनी कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटते आहे. सासूबाईंना खोबरेल लावायचं आहे, सरांनी व्रणांवर आठवडाभर काही लावू नका म्हणून सांगितलंय, आणि यावर घरात अजून वाद चालू आहे.